दुकानदारासाठी कॅटलॉग: बचत गटाच्या चटणी-भाकरीचे दर आणि ऑर्डरच्या अटी कशा मांडायच्या

बचत गटांचे बहुतेक कॅटलॉग प्रदर्शनात स्टॉलवर येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केल्यासारखे असतात. आधी गटाची माहिती, मग बक्षीस घेतानाचा फोटो, मग ताटात सजवलेले पदार्थ आणि शेवटच्या पानावर 'दरासाठी संपर्क साधा'. दुकानदार हे उघडतो, अंगठ्याने दोन-तीनदा वर सरकवतो आणि बंद करतो. पदार्थ चविष्ट असणार हे तो धरूनच चालतो. त्याला हवं असतं ते वेगळंच: यात मला काय सुटतं, कमीत कमी किती माल उचलावा लागेल, किती दिवस टिकतो, राहिला तर परत घेता का आणि पैसे कधी द्यायचे. फोन न करता या पाच प्रश्नांची उत्तरं ज्यात सापडतील, तो दुकानासाठीचा कॅटलॉग.

आपण एक उदाहरण धरून चालू. सोलापूरजवळच्या एका गावातला दहाजणींचा गट. माल चार प्रकारचा: शेंगदाणा चटणी, ज्वारीची कडक भाकरी, बाजरीची कडक भाकरी आणि काळा मसाला. विकायचा आहे पुण्यातल्या किराणा आणि घरगुती पदार्थांच्या दुकानांना. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या बाजारातल्या भावाने ते बदलून घ्या, रीत तीच राहील.

आधी हिशेब, मग पाने

कॅटलॉगचं काम फोटोपासून सुरू करू नका, एका पाकिटाच्या हिशेबापासून करा. छापील किंमत एकदा लेबलवर गेली की मागे फिरता येत नाही, आणि ती चुकली तर कॅटलॉग कितीही देखणा असला तरी गट तोट्यात जातो.

शेंगदाणा चटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट घेऊ. दहा किलो कच्चे शेंगदाणे १४० रुपये दराने १,४०० रुपयांचे. भाजून, फोलपटं काढून त्यातले साधारण किलोभर कमी होतात. त्यात ७०० ग्रॅम लाल तिखट २२४ रुपयांचं, ६०० ग्रॅम लसूण ९० रुपयांचा, मीठ-जिरं ३६ रुपयांचं. एकूण १,७५० रुपये. कुटताना सांडलवंड आणि चाखायला काढलेली चटणी वजा जाता हातात धड दहा किलो, म्हणजे ५० पाकिटं. कच्चा माल पाकिटामागे ३५ रुपये.

पुढचे खर्च बरेच गट धरतच नाहीत. पाऊच आणि लेबल ६ रुपये. भाजणं, कुटणं, भरणं, सील करणं यात दोघींचा पूर्ण दिवस जातो. रोज ३५० रुपयांनी ७०० झाले, पाकिटामागे १४. गॅस-वीज २ रुपये. चोवीस पाकिटांच्या खोक्याला पुठ्ठा आणि चिकटपट्टी ३६ रुपये, म्हणजे दीड रुपया. पुण्याला पार्सल पाठवायचं भाडं खोक्यामागे ७२, म्हणजे ३ रुपये. झाले साडेएकसष्ट. नमुन्याची पाकिटं आणि परत येणारा माल यांसाठी २ रुपये बाजूला ठेवा. खरा खर्च ६३ रुपये ५० पैसे. 'मजुरी धरली नाही, आमच्याच बायका आहेत' असं ऐकू येतं, पण ऑर्डर वाढली की त्याच बायका शेतातला रोज सोडून येतात आणि तो भरून कोण देणार हा प्रश्न गटाच्या बैठकीत निघतोच.

यावर गटाला पाकिटामागे साडेआठ रुपये सुटावेत असं ठरवलं, तर गटाच्या हातात ७२ रुपये यायला हवेत. इथून छापील किंमत काढताना हमखास गडबड होते. दुकानदार जेव्हा 'वीस टक्के द्या' म्हणतो तेव्हा ते छापील किमतीवर मोजतो, तुमच्या दरावर नाही. तुम्ही ७२ मध्ये वीस टक्के मिळवून ८६ रुपये ४० पैसे काढले आणि पाकिटावर ८५ छापले, तर त्याला ८५ मागे १३ रुपये उरतात. हे पंधरा टक्क्यांच्या जरासेच वर आहे, आणि त्याला ते दोन सेकंदांत कळतं. बरोबर रीत भागाकाराची: ७२ ला ०.८० ने भागायचं. उत्तर ९०.

पण ९० वरही थांबू नका. आज तुम्ही दुकानात थेट माल देताय. सहा महिन्यांनी एखादा वितरक येईल, 'पिंपरी-चिंचवडची पन्नास दुकानं मी बघतो, मला वर आठ टक्के' म्हणेल. नव्वदवर दुकानाचे वीस आणि त्याचे आठ टक्के गेले की गटाला ६४ रुपये ८० पैसे मिळतात. खर्च ६३.५०. सव्वा रुपयासाठी कोण कुटत बसणार? म्हणून पहिल्या दिवशीच दोघांचे मिळून २८ टक्के धरा. ७२ ला ०.७२ ने भागलं की १०० येतात. छापील किंमत १००, दुकानाला ८० रुपयांत. वितरक नसेपर्यंत त्याचे ८ रुपये गटातच राहतात, आणि तो आला की छापील किंमत न बदलता देता येतात.

आता दुकानात जाऊन पाहा की २०० ग्रॅमची दुसऱ्या कुणाची चटणी किती रुपयांना लागली आहे. शंभराला तुमची तिथे उभी राहत नसेल तर दुकानदाराचा वाटा कमी करायला जाऊ नका. १५० ग्रॅमचं पाकीट काढून हिशेब नव्याने मांडा.

आणखी एक. प्रदर्शनात किंवा गावच्या जत्रेत स्टॉल लागला की हेच पाकीट ८० ला विकायचा मोह होतो. पुण्यातला दुकानदार स्वतः नाही, पण त्याचं गिऱ्हाईक तिथे येतं आणि जाऊन त्याला सांगतं. स्टॉलवरही छापील किमतीनेच विका.

पानांचा आकार आणि क्रम

हा कॅटलॉग नव्वद टक्के वेळा व्हॉट्सॲपवर, मोबाइलच्या उभ्या पडद्यावर वाचला जाणार. त्यामुळे सादरीकरणाची आडवी पानं घेऊ नका, अक्षर मुंगीएवढं दिसतं. गूगल स्लाइड्समध्ये `File > Page setup > Custom` इथे रुंदी २१ आणि उंची २९.७ सेंटीमीटर द्या, म्हणजे ए-फोरचं उभं पान मिळतं आणि वेळ पडली तर तसंच छापताही येतं. मजकुराचं अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको, दराचे आकडे २४ च्या आसपास. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतात आणि स्वच्छ दिसतात. काम झालं की `File > Download > PDF Document (.pdf)` करा. मूळ फाइलच पाठवली तर समोरच्याकडे फॉन्ट नसतो, जोडाक्षरं फुटतात आणि कुणीही दर बदलू शकतं.

आठ पानं पुरेत. पहिल्या पानावर गटाचं नाव, गाव-तालुका, चारही पाकिटांचा एकत्र फोटो, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, एक फोन नंबर आणि 'दुकानांसाठी दरपत्रक' हे शब्द. दुसऱ्या पानावर थेट दर. दर मागे ठेवण्याची पद्धत आहे खरी, पण दुकानदार तसाही सरकवत सरकवत तेच शोधतो. मग त्याला का फिरवायचं? तिसरं ते सहावं पान एकेका पदार्थाचं, सातव्यावर अटी, आठव्यावर ऑर्डर कशी द्यायची ते. गटाची गोष्ट सांगायचीच असेल तर आठव्या पानाच्या तळाशी चार ओळी. 'उमेद' किंवा माविमशी जोडलेला गट असेल तर तेही तिथेच.

दराचं पान

| कोड | पदार्थ | वजन | छापील किंमत | दुकानाचा दर | एका खोक्यात | खोक्याची रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|
| ११ | शेंगदाणा चटणी | २०० ग्रॅम | १०० | ८० | २४ | १,९२० |
| २१ | ज्वारी कडक भाकरी | २५० ग्रॅम | ७५ | ६० | २० | १,२०० |
| २२ | बाजरी कडक भाकरी | २५० ग्रॅम | ८० | ६४ | २० | १,२८० |
| ३१ | काळा मसाला | १०० ग्रॅम | ८० | ६४ | ४० | २,५६० |

टक्के लिहायची गरज नाही, छापील किंमत आणि दर शेजारी-शेजारी असले की दुकानदार मनातच वजाबाकी करतो. खोक्याची रक्कम मात्र लिहाच, कारण 'आज किती पैसे गुंतवायचे' हे त्याला त्यातूनच कळतं. मोबाइलवर सात रकाने दाटी करत असतील तर प्रत्येक पदार्थाला दोन ओळींचा चौकोन द्या. कोड आकड्यांतच ठेवा. काउंटरवर उभा माणूस 'ज्वारी कडक भाकरी' टाइप करत नाही, २१ मात्र लगेच लिहितो.

तक्त्याखाली तीन ओळी हव्यात. 'दर १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारीपर्यंत लागू.' 'दर पुणे शहरात पोच, पूर्ण खोक्यावर.' आणि कराबद्दलची. गटाची जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी वेगळा लावता येत नाही, म्हणून 'जीएसटी वेगळा आकारला जाणार नाही' असं स्पष्ट लिहा. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत ही नोंदणी सक्तीची नाही. मात्र सोलापूरकरांनी एक लक्षात ठेवावं: विजयपूर आणि कलबुर्गी जवळ असली तरी कर्नाटकात आहेत. राज्याबाहेरच्या दुकानाला माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. हा कॅटलॉग तिकडच्या कुणाला पाठवण्याआधी हिशेब बघणाऱ्या माणसाशी बोलून घ्या.

गिऱ्हाइकांसाठी याच फाइलची दुसरी प्रत करा, दुकानाचा दर आणि अटी काढून. व्हॉट्सॲपवरची फाइल कुठे जाईल सांगता येत नाही, आणि कोथरूडच्या गिऱ्हाइकाला ८० चा आकडा दिसला तर दुकानदाराची पंचाईत होते. याच कारणासाठी बँक खातं किंवा क्यूआर कोड कॅटलॉगमध्ये टाकू नका, तो बिलावर द्या.

पदार्थाचं पान

प्रत्येक पानावर दोनच फोटो: पाकिटाची पुढची बाजू आणि मागचं लेबल. ताटात वाढलेली चटणी छान दिसते, पण दुकानदाराला फळीवर काय दिसणार हे बघायचं असतं. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, साध्या पांढऱ्या कागदावर फोटो घ्या. फ्लॅश नको, पाऊचवर पांढरा डाग पडतो. चारही पदार्थांना तीच जागा, तेच अंतर.

मागच्या लेबलचा फोटो वाचता येईल असाच द्या, कारण जाणता दुकानदार तोच मोठा करून बघतो. त्यावर उतरत्या प्रमाणात घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरावे, सर्व करांसह छापील किंमत, प्रतिग्रॅम किंमत (आपल्या चटणीला ५० पैसे), गटाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, परवान्याचा क्रमांक आणि हिरवं शाकाहारी चिन्ह हवं. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे असतात, म्हणून 'शेंगदाणे आहेत' हे वेगळं लिहावं लागतं. यातलं काही राहिलं असेल तर आधी लेबल सुधारा. तपासणी आली तर माल दुकानाच्या फळीवर सापडतो आणि चौकशी दुकानदारालाच होते, म्हणून अपुऱ्या लेबलचा माल तो ठेवत नाही. 'मधुमेहावर गुणकारी', 'वजन घटवते' असली वाक्यं लेबलवरही नकोत आणि कॅटलॉगमध्येही. पदार्थाने आजार बरा होतो असा दावा करायला कायद्याची बंदी आहे.

फोटोखाली तीन-चार ओळी पुरतात. चटणीसाठी अशा: 'लाकडी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मध्यम तिखट. पॅकिंगपासून ६० दिवस. उन्हापासून लांब ठेवा.' तिखटपणा जरूर लिहा. पुण्यात सोलापूरचं तिखट सगळ्यांना झेपत नाही आणि गिऱ्हाईक ते काउंटरवरच विचारतं.

ते ६० दिवस कुठून आले? ते अंदाजाने लिहायचे नसतात. एकाच बॅचची दहा-बारा पाकिटं दुकानासारख्या फळीवर ठेवा, तेही एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात. दर आठवड्याला एक फोडा, वास घ्या, चाखा, तारीख घालून वहीत लिहा. शेंगदाण्याचं तेल आधी वासाला बिघडतं. खवट वास आला तो आठवडा धरा आणि त्याच्या बऱ्याच आतली मुदत छापा. सत्तर दिवसांनी खवट होत असेल तर साठ लिहिणं ठीक, नव्वद लिहिणं म्हणजे परतीच्या मालाला आमंत्रण. पारदर्शक पाऊचमधली चटणी उजेडाने लवकर बिघडते, तेव्हा तपासणी ज्या पाऊचमध्ये विकणार त्यातच करा. कडक भाकरीचं दुखणं निराळं: ती सादळते. पावसाळ्यात पाकीट फोडून भाकरी मोडून बघा. कट्कन आवाज आला नाही तर सील नीट बसत नाहीये.

अटींचं पान

या पानावर कायद्याची भाषा नको. प्रत्येक अट एका वाक्यात, आणि प्रत्येक अटीमागे आपला हिशेब असावा.

'किमान ऑर्डर एक खोकं. एका खोक्यात दोन पदार्थ चालतील.' हा आकडा भाड्यातून येतो. चोवीस पाकिटांवर ७२ रुपये भाडं वाटलं तर पाकिटामागे ३ पडतात. सहाच पाकिटं पाठवली तर १२. मग जे साडेसोळा रुपये सुटत होते त्यातले नऊ पार्सलवाल्याकडे जातात. नव्या दुकानदाराला एक अख्खं खोकं जड वाटतं, म्हणून मिश्र खोक्याची सोय ठेवा. तीन पदार्थांचं मिश्रण मात्र नको, भरताना गोंधळ होतो.

'सोमवारी संध्याकाळपर्यंत आलेली ऑर्डर गुरुवारी निघेल.' माल तयार ठेवायचा नाही, ऑर्डरवर कुटायचा, हे चटणीला फायद्याचं. दुकानात पोचते तेव्हा जवळजवळ सगळी मुदत शिल्लक असते. दिवाळी आणि लग्नसराईत हा वेळ पुरत नाही, तेव्हा त्या काळासाठी 'पंधरा दिवस आधी कळवावे' असं लिहा. काळा मसाला उन्हाळ्यातच वर्षाचा होतो. त्याचा साठा संपला की संपला, हेही लपवू नका.

'पहिल्या ऑर्डरचे पैसे माल निघण्याआधी. त्यानंतर १५ दिवसांची उधारी, जास्तीत जास्त ५,००० रुपये. मागील बिल चुकते झाल्यावर पुढील माल.' दुकानदार हमखास म्हणेल, 'ताई, विकेल तसे पैसे देतो.' गटाकडे खेळतं भांडवल कमी असेल तर हे मान्य करू नका, कारण पुढच्या आठवड्याचे शेंगदाणे रोखीने घ्यावे लागतात. त्याऐवजी पहिल्या खोक्यावर दोन नमुन्याची पाकिटं फुकट द्या. तो ती काउंटरवर फोडून गिऱ्हाइकाला चाखायला देतो आणि खोकं खपतं. उधारीची मर्यादा मात्र कागदावर असलीच पाहिजे. ती नसली की ओळखीच्या दुकानदाराला नाही म्हणणं सगळ्यांत गोड स्वभावाच्या बाईवर येऊन पडतं.

परतीची अट पदार्थागणिक वेगळी लिहा, सरसकट 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं नको. चटणी मुदत संपून राहते, भाकरी वाटेत मोडते. चटणीला: 'मुदत संपण्याच्या २० दिवस आधी कळवल्यास, खोक्यातील दोन पाकिटांपर्यंत बदलून देऊ.' वीस दिवस यासाठी, की ती दोन पाकिटं दुसऱ्या चालत्या दुकानाला देता येतात. मुदत संपल्यावर कळवलं तर ती टाकूनच द्यावी लागतात. भाकरीला: 'माल मिळाल्यापासून २४ तासांत खोक्याचा आणि मोडलेल्या पाकिटांचा फोटो पाठवावा, तेवढी रक्कम पुढच्या बिलात वजा होईल.' मोडकी भाकरी पुण्याहून परत मागवू नका, भाडं मालापेक्षा महाग पडतं. तीन-चार खोक्यांत सतत मोडतोड आली तर चूक वाहतुकीपेक्षा भरण्यात आहे असं समजा: पाकिटं आडवी न ठेवता उभी भरा आणि वरची रिकामी जागा पुठ्ठ्याने घट्ट करा.

ऑर्डरचं पान

शेवटच्या पानावर व्हॉट्सॲपवर पाठवायचा संदेश जसाच्या तसा द्या:

```
दुकान:
परिसर:
११ – १ खोके
२१ – अर्धे, २२ – अर्धे
बिल कोणाच्या नावे:
```

खाली दोन नंबर, दोन्हींपुढे नाव आणि वेळ. एक ऑर्डर घेणारीचा, दुसरा हिशेब बघणारीचा. मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर देऊ नका. दुकानदार शेवटी त्यालाच फोन करत राहतो आणि गटाला ऑर्डर कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

पाठवण्याआधी आणि नंतर

फाइल पाच एमबीच्या आत आहे का बघा आणि ती व्हॉट्सॲपवर `Document` म्हणूनच जोडा. पानांचे फोटो काढून पाठवले तर लेबलची अक्षरं पुसट होतात. फाइलच्या नावात महिना असू द्या, 'दरपत्रक नोव्हेंबर' असं. एक प्रत काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा, कारण काही दुकानदार कागदच मागतात आणि लाल पट्टीवरचं काळं अक्षर झेरॉक्समध्ये नाहीसं होतं.

मग ओळखीच्या एका दुकानदाराला फाइल पाठवा आणि सांगा, काही न विचारता यावरूनच ऑर्डर लिहून दाखवा. तो अडला, त्याने फोन केला, की जो प्रश्न विचारला तो कॅटलॉगमध्ये राहिलाय असं समजा. 'खोकं केवढं असतं, ठेवायचं कुठे?' हा प्रश्न बहुधा येतोच, म्हणून खोक्याची लांबी-रुंदी पदार्थाच्या पानावर आधीच टाकून ठेवा.

शेंगदाण्याचा भाव चढला तर मधेच दर वाढवू नका, दिलेल्या तारखेपर्यंत तोच दर पाळा. तीन महिन्यांची मुदत त्यासाठीच घेतली आहे. नवा दर लागू होण्याच्या पंधरा दिवस आधी फक्त पहिलं आणि दुसरं पान बदला, तारीख बदला आणि सगळ्या दुकानांना एकाच दिवशी पाठवा. जुन्या किमतीची छापलेली पाकिटं शिल्लक असतील तर ती जुन्याच दराने आधी संपवा, कारण छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. कुणी जुन्या दरपत्रकावरून ऑर्डर पाठवलीच, तर त्यावरची तारीख त्याला दाखवा, नवी फाइल द्या आणि 'नव्या दराने पाठवू का?' असं विचारून उत्तर आल्यावरच चटणी कुटायला घ्या.